गाडी आपली, पण ती ओळखणार कोण आणि फोन लावणार कुठे?



आपल्या कारखान्याच्या ग्राहक भांडाराची बंद बॉडीची नवी टेम्पो गाडी (आपण सगळे तिला 'छोटा हत्ती' म्हणतो) गावोगाव घरपोच माल देण्यासाठी घेतली आहे, हे आपणास ठाऊक आहेच. कार्डावरची सवलतीची साखर, किराणा, प्रेसमडचे कंपोस्ट आणि जिवाणू खताच्या बाटल्या असा माल घेऊन ती वाड्या-वस्त्यांवर फिरणार आहे. गाडी सध्या कोऱ्या पांढऱ्या रंगात उभी असून तिच्यावर काय रंगवायचे त्याचे चित्र गट ऑफिसात लावलेले आहे. सभासदांनी सूचना कराव्यात, असे त्याखाली लिहिले आहे. त्याप्रमाणे ही सूचना. मी उसाबरोबर पुष्कळ वर्षे तालुक्यात बोर्ड आणि गाड्या रंगवण्याचा धंदा केलेला आहे, म्हणून या विषयावर चार शब्द अधिकाराने लिहितो.

आता कोणी म्हणेल, गाडीवरच्या रंगाला एवढे काय महत्त्व? हिशोब सरळ आहे. मळ्यात राहणारा सभासद फाट्यावर येऊन थांबतो. गाडी आली आणि निघून गेली, आणि ती आपलीच होती हे त्याला कळले नाही, तर त्याचा हेलपाटा झाला आणि भांडाराची विक्री बुडाली. गाडी दिसली पण फोन नंबर वाचता आला नाही, तर पुढच्या खेपेला दोन गोणी खत घेऊन या, असे तो सांगणार कोणाला? गाडीवरचे लिखाण हे शोभेचे काम नाही. ते मागणी आणणारे काम आहे. आणि चित्रात काढल्याप्रमाणे गाडी रंगवली, तर ते काम होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

चित्रात आहे तरी काय?

मी गट ऑफिसात उभे राहून मोजले. गाडीच्या एका बाजूवर १४ वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कारखान्याचे संपूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, स्थापनेचे वर्ष, पूर्ण पत्ता, बोधचिन्ह, दोन छायाचित्रे, घोषवाक्य, उसाचे चित्र, पोत्यांचे चित्र, मालाची यादी, चार फोन नंबर, ई-मेल आणि मोबाईलने टिपायचा तो क्यूआर चौकोन. मागच्या दारावर हेच सगळे पुन्हा, आणि पुढच्या काचेवर वरच्या अंगाला नावाची पट्टी.

कागदावर हे चित्र छान दिसते, यात शंका नाही. कारण कागद आपण हातभर अंतरावर धरतो आणि निवांत बघतो. अहवालाच्या मुखपृष्ठाला हे शोभते. पण गाडी कोणी हातात धरून वाचत नाही. ती लांबून, तिरकी, धावती आणि बहुधा धुळीने माखलेली दिसते. म्हणून गाडीच्या प्रत्येक अंगाला आधी एकच प्रश्न विचारायचा असतो. हे अंग कोण बघणार, किती फुटांवरून बघणार आणि किती वेळ बघणार? उत्तर तिन्ही अंगांना वेगवेगळे आहे. चित्र करणाऱ्याने मात्र तिन्हीकडे एकच मजकूर बसवला आहे, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते.

बाजू : दीड सेकंदाचा वाचक

समजा, चौकातल्या चहाच्या टपरीवर एक माणूस उभा आहे आणि त्याच्यापासून २० फुटांवरून आपली गाडी जाते आहे. गाडी लांब असते तेव्हा बाजू त्याला इतकी तिरकी दिसते, की अक्षरे एकमेकांत दबून जातात. समोर यायच्या साधारण २० फूट अलीकडे ती वाचण्याजोगी होते आणि २० फूट पलीकडे गेली की पुन्हा दबते. म्हणजे वाचायला रस्ता मिळाला ४० फुटांचा. गाडी ताशी ३० किलोमीटरने चालली असेल, तर ती एका सेकंदाला सुमारे २७ फूट जाते. ४० फुटांना लागला दीड सेकंद. एवढाच वेळ!

दीड सेकंदात माणूस तीन-चार शब्द उचलतो, त्याहून जास्त नाही. चित्रातल्या १४ गोष्टींपैकी तो नेमकी कोणती उचलेल हे सांगता येत नाही. बहुतेक छायाचित्र उचलेल, कारण डोळा आधी चेहऱ्याकडे जातो. पण चेहऱ्यावरून कोणाला खताची मागणी नोंदवता येत नाही.

म्हणून बाजूवर तीनच गोष्टी असाव्यात. आपले तोंडी नाव, 'ग्राहक भांडार' हे शब्द आणि एक फोन नंबर. तोंडी नाव म्हणजे काय, तर एस. टी. स्टँडवर रिक्षावाल्याला आपण जे सांगतो ते. तिथे कोणी 'सहकारी साखर कारखाना मर्यादित' असे पूर्ण म्हणत नाही. गावाचे नाव घेऊन पुढे 'कारखाना' म्हणतो आणि सगळ्यांना समजते. संपूर्ण नाव एका ओळीत बसवण्याच्या नादात चित्रातले अक्षर अडीच इंचावर आले आहे. तेच तोंडी नाव घेतले, तर ७ फुटांच्या बाजूवर १० इंचांचे अक्षर आरामात बसते. पूर्ण नाव आणि पत्ता कागदोपत्री लागतोच असे वाटत असेल, तर तो ड्रायव्हरच्या दारावर लहान अक्षरात लिहावा. ज्याला लागेल तो जवळ जाऊन वाचेल.

येथे एक बारकावा आहे. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे गाडी गावात थांबते तेव्हा तिचे डावे अंग दुकाना-घरांकडे असते आणि उजवे अंग रस्त्याकडे. गिऱ्हाईक उभे राहते ते डाव्या अंगाला. माल काढायचे बाजूचे दारही तिथेच आहे. हे दार उघडले की पुढे फिरून बॉडीच्या पुढच्या भागावर टेकते. चित्रात फोन नंबर बाहेरून या दारावरच काढला आहे. म्हणजे दार बंद असताना नंबर दिसतो, आणि गिऱ्हाईक समोर येऊन उभे राहिले, दार उघडले, की नंबर दाराच्या पोटात जातो! ज्या क्षणी नंबर हवा, त्याच क्षणी तो झाकलेला.

यावर तोड सोपी आहे. दाराच्या वर बॉडीचा दीड फुटाचा सलग पट्टा राहतो, त्यावर नाव घ्यावे. ते दार उघडो वा न उघडो, झाकत नाही. नंबर दाराच्या बाहेरून तर काढावाच, पण दाराच्या आतल्या अंगावरही तसाच काढावा. दार उघडल्यावर तेच अंग लोकांपुढे येते. दार ३ फूट रुंद आहे. पाच-पाच आकड्यांच्या दोन ओळी केल्या, तर ६ इंची आकडा त्यात मोकळेपणाने बसतो.

पाठीमागचे अंग : फुरसतीचा वाचक

आता मागे या. गाडीच्या मागे चाललेला मोटारसायकलवाला किंवा ट्रॅक्टरवाला किती वेळ मागची दारे बघत असतो? गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या पुढे असल्या, तर कारखान्यापासून हमरस्त्यापर्यंत पाच-दहा मिनिटेसुद्धा. एवढा वाचक बाजूला कधी मिळत नाही आणि पुढे तर नाहीच नाही. म्हणून फोन नंबराची खरी जागा पाठीमागे आहे. आणि चित्रात तिथेच तो सर्वात लहान आहे. चार नंबर, एकाखाली एक, दीड-दीड इंचाचे.

दीड इंचाचा आकडा कुठून दिसेल? आमच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. सहज, न थबकता वाचता यावे असे अक्षर हवे असेल, तर दर १० फुटांना १ इंच उंची धरायची. चांगला डोळा याहून बराच बारीक वाचतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ६ मीटरवरून जी बारीक ओळ वाचायला लावतात, तिचे अक्षर जेमतेम ९ मिलिमीटरचे असते. पण तिथे आपण खुर्चीत बसलेले असतो, तक्ता स्वच्छ उजेडात असतो आणि दुसरे काही काम नसते. रस्त्यावर गाडी हादरते, ऊन तिरपे येते, अक्षरांवर धूळ असते, आणि वाचणाऱ्याचे निम्मे लक्ष खड्ड्यांकडे असते. शिवाय वाचणारा साठीचा, चष्मा घरी विसरलेला असू शकतो. म्हणून ठोकताळा एवढा सैल ठेवलेला आहे.

आता हिशोब करा. ताशी ३० किलोमीटरने चाललेल्या गाडीमागे शहाणा माणूस निदान दोन सेकंदांचे अंतर ठेवतो. दोन सेकंदांत गाडी सुमारे ५५ फूट जाते. म्हणजे वाचक ५५ फुटांवर आहे. ठोकताळ्याने त्याला साडेपाच इंचांचा आकडा हवा. चित्रातला दीड इंची आकडा १५ फुटांपर्यंतचा. १५ फुटांवर यायचे म्हणजे मागच्याने आपल्या गाडीच्या बंपरला चिकटून चालवायचे. असा नंबर वाचायला लावणे म्हणजे अपघाताला आमंत्रण देणे होय.

ज्यांना इंच-फुटांचा हिशोब नको असेल, त्यांच्यासाठी एक सोपी खूण सांगतो. सरकारने नंबरप्लेटीच्या आकड्यांचे माप ठरवून दिले आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे चारचाकीच्या आकड्याची उंची ६५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंचांहून थोडी जास्त, आणि रेघेची जाडी १० मिलिमीटर. ही प्लेट प्रत्येक गाडीवर असते. तेव्हा गाडीजवळ उभे राहा आणि बघा, फोनचा आकडा नंबरप्लेटीच्या आकड्यापेक्षा लहान आहे काय? असेल तर तो रंगवला काय आणि न रंगवला काय, सारखेच. प्लेटीच्या निदान दुप्पट असेल तर उपयोगाचा.

मग बसेल का एवढा मोठा नंबर? मी माप घेतले. मागची दारे दोन फळ्यांची, मिळून साडेचार फूट रुंद. प्रत्येक फळीवर बिजागरी आणि कुलपाचा दांडा सोडून सुमारे २२ इंच मोकळी जागा राहते. मोबाईल नंबर दहा आकडी, आणि आपण तो सांगतो तोही पाच-पाच करून. मग डाव्या फळीवर पाच आणि उजव्या फळीवर पाच घ्यावेत. २२ इंचांत पाच आकडे म्हणजे एका आकड्याला अंतरासह साडेचार इंचांच्या आत जागा मिळते, त्यात ५ इंच उंचीचा आकडा नीट बसतो. साडेपाच नाही, पण ५० फुटांपर्यंत चालतो, आणि गाडी जरा थांबली-मंदावली की सहज वाचतो. दोन फळ्यांमधली फट आकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत येते, त्यामुळे एकही आकडा चिरला जात नाही. चित्रात नेमका हा दोष आहे. फट आणि दांडा चारही नंबरांच्या मधोमध जातो आणि सहावा आकडा त्याखाली सापडतो. कागदावर दांडा काढलेलाच नाही, म्हणून तो कोणाच्या लक्षात आला नाही.

अर्थात ही जागा एका नंबराला पुरते, चार नंबरांना नाही. चार नंबर कशाला हवेत? भांडाराचा एक, खत विभागाचा एक, मॅनेजरांचा एक आणि ऑफिसचा एक, असे कारण मला सांगण्यात आले. पण रस्त्यावरच्या माणसाला आपले विभाग पाठ नसतात. चारांतला कोणता लावावा, या विचारात तो एकही लक्षात ठेवत नाही. एक नंबर द्या आणि तो उचलणारा माणूस नेमा. पुढे कोणाकडे द्यायचा ते तो बघेल. माणूस बदलला तरी नंबर बदलणार नाही, अशी व्यवस्था मात्र हवी. म्हणून तो कोणाच्या खाजगी मोबाईलचा नसावा, कारखान्याच्या नावावरचा असावा.

क्यूआर चौकोनाविषयी तरुण मंडळींचा आग्रह आहे, तो मी समजू शकतो. पण त्याचाही हिशोब आहे. मोबाईलने तो चौकोन साधारण त्याच्या रुंदीच्या दहापट अंतरावरून टिपता येतो. चित्रातला चौकोन ६ इंचांचा, म्हणजे ५ फुटांवरून. धावत्या गाडीच्या मागे ५ फुटांवर कोण येणार? गाडी थांबल्यावर पैसे देताना त्याचा उपयोग आहे, तेव्हा तो बाजूच्या दाराच्या आतल्या अंगावर नंबराखाली लावावा. मागच्या दारावर त्याचे काम नाही.

मागच्या अंगाला आणखी दोन पथ्ये आहेत. दिव्यांच्या भोवती चार बोटे जागा कोरी सोडावी आणि तिथे लाल-नारिंगी रंग घेऊ नये, नाहीतर ब्रेकचा दिवा रंगात हरवतो. आणि नियमाने मागे लावलेली लाल चमकपट्टी रंगाने वा स्टिकरने झाकू नये. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायचा मोह काही पेंटरना अजून होतो. आपल्या राज्यात परिवहन खात्याने २०१५ साली ते लिहिण्यास बंदी केलेली आहे, म्हणून तेही नको.

पुढचे अंग : वाचायचे नाही, ओळखायचे

पुढून गाडीला वाचणारा जवळजवळ कोणी नसतो. समोरून येणारा आणि आपण, दोघेही ताशी ४० किलोमीटरने असलो, तर १०० फुटांचे अंतर दीड सेकंदाच्या आत संपते. त्या दीड सेकंदात समोरच्या ड्रायव्हरने आपले घोषवाक्य वाचू नये, रस्ता बघावा, हेच बरे!

मग पुढच्या अंगाचे काम काय? फाट्यावर थांबलेल्या सभासदाला ३०० फुटांवरून कळावे, की 'आली आपली गाडी.' ३०० फुटांवरून वाचायचे तर ठोकताळ्याने अडीच फुटांचे अक्षर लागेल. ते शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. लांबून माणूस अक्षर वाचत नाही, रंग ओळखतो. एस. टी. ची लालपरी आपण पाटी वाचून ओळखतो काय? वळणावर लाल रंग दिसला की पिशवी उचलतो.

म्हणून पुढे दोनच गोष्टी कराव्यात. केबिनच्या वर बॉडीचा जो कपाळपट्टा राहतो, तो गडद हिरवा करून त्यावर ५ इंची पांढऱ्या अक्षरात तोंडी नाव लिहावे. आणि हाच हिरवा पट्टा दोन्ही बाजूंना बॉडीच्या वरच्या अंगाने मागेपर्यंत न्यावा. म्हणजे कुठूनही बघितले तरी गाडीची खूण एकच राहील, आणि बाजूचे नावही याच पट्ट्यावर येईल. पुढे दुसरी गाडी घेतली, तर तीही अशीच रंगवावी. दोन गाड्यांचे दोन अवतार झाले, की ओळख मोडते.

पुढच्या काचेवरची नावाची पट्टी मात्र अजिबात नको. ड्रायव्हरची नजर अडते, आणि काचेवर काही चिकटवले की रस्त्यात अडवणूक होण्याचे निमित्तही मिळते. सगळी गाडी हिरवी करावी अशीही एक सूचना आल्याचे कळते. पण गाडीचा रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो, तो बदलला की आर. टी. ओ. कडे नोंद करणे आले. मूळ पांढरा ठेवून पट्टा घ्यावा, हे सोपे आणि स्वस्त.

आपल्या अक्षराची अडचण

देवनागरी अक्षर गाडीवर काढताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा असते आणि खाली उकार असतो. पेंटर '६ इंची अक्षर' म्हणतो, तेव्हा ते शिरोरेघेपासून खालपर्यंत की मात्रा-उकारासकट, हे आधी विचारून घ्यावे. मात्रा-उकारासकट ६ इंच असेल, तर मूळ अक्षर चार इंचांवर येते आणि सगळा हिशोब चुकतो. कामाच्या कागदावर 'शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत' असे शब्दांत लिहावे. दोन ओळींमध्ये अंतर कमी ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. चित्रात पत्त्याच्या ओळींचे तेच झाले आहे.

दुसरे म्हणजे जाडी. अक्षर ठळक करा म्हटले की जाड रेघ मारतात. पण 'ष', 'क्ष', 'द्ध' अशा अक्षरांच्या पोटातली जागा बुजली, की लांबून नुसता डाग दिसतो. रेघ उंचीच्या सहाव्या भागाइतकी असावी. नंबरप्लेटीचे ६५ ला १० हे प्रमाणही साधारण तेच आहे. अक्षराला काळी कडा आणि खाली सावली देण्याची हौसही येथे सोडावी. सावलीने अक्षर उठून दिसते ते जवळून. लांबून ते दुहेरी दिसते.

फोनचे आकडे मात्र मोबाईलच्या पडद्यावर असतात तसे, इंग्रजी वळणाचेच घ्यावेत, असे मी सुचवतो. यात मराठीचा अनादर नाही. आपल्या १ आणि ९ मध्ये, ५ आणि ६ मध्ये लांबून फरक कमी दिसतो, आणि एक आकडा चुकला की फोन भलत्याच्याच घरी जातो.

रंगांविषयी एकच सांगतो. चित्रात हिरव्या पानांवर लाल अक्षरे आहेत. दोन्ही रंग सारखेच गडद असल्याने संध्याकाळी एकमेकांत मिसळतात, आणि काही लोकांना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. ताडून बघायचे असेल, तर चित्राचा मोबाईलवर फोटो घेऊन तो काळा-पांढरा करा. त्यात अक्षर स्पष्ट दिसले तर रंग बरोबर, मिसळले तर चूक. पांढऱ्यावर गडद हिरवे किंवा गडद हिरव्यावर पांढरे, हे दोन्ही या परीक्षेत उतरतात. आणि बॉडीचा खालचा एक फूट कोरा सोडावा. हंगामात चाकांचा चिखल आणि रस्त्यावरची माती तिथेच बसते. चित्रात ई-मेल आणि दोन फोन नेमके त्याच पट्ट्यात आहेत.

छायाचित्रांविषयी

हा नाजूक विषय आहे, पण बोललेच पाहिजे. ज्यांनी हा कारखाना उभा केला, त्यांच्याविषयी आपल्या सर्वांच्या मनात आदर आहे. पण तो आदर गाडीवरच्या दोन फुटी चित्रातून दिसत नाही. चिखल उडतो तो छायाचित्रावरही उडतो, ऊन लागून स्टिकरचा रंग उडतो तो चेहऱ्याचाही उडतो. पदाधिकारी बदलले की छायाचित्र खरवडावे लागते, निवडणूक लागली की त्यावर कागद चिकटवावा लागतो. सभागृहात आणि अहवालात छायाचित्रे शोभतात. गाडीवर त्यांनी घेतलेली जागा फोन नंबराची आहे.

रंगवण्याआधी ही परीक्षा घ्या

माझे म्हणणे कोणी डोळे झाकून मानू नये. परीक्षा बिनखर्ची आहे. नवे चित्र आणि जुने चित्र, दोन्ही विसावा भाग मापाने छापून घ्या. ७ फुटांची बाजू कागदावर सव्वाचार इंचांची होईल. ती भिंतीवर लावा आणि ५ फुटांवर उभे राहा. विसावा भाग चित्र, विसावा भाग अंतर, म्हणजे आपण खऱ्या गाडीपासून १०० फुटांवर उभे आहोत. अडीच फुटांवर आलात की ५० फूट झाले. जे येथून वाचता येत नाही, ते रस्त्यावरही येणार नाही.

मग हेच दोन कागद घेऊन गाडीतळावर जा. तिथे नंबर लागायची वाट बघत ट्रॅक्टरवाले, बैलगाडीवाले आणि आपले चिटबॉय बसलेले असतात. ज्यांनी चित्र अगोदर पाहिलेले नाही, अशा दहा जणांना एकेकट्याने अडीच फुटांवरून कागद दोन सेकंद दाखवा आणि झाकून घ्या. विचारा, 'काय वाचलं, सांग बरं? गाडी कुणाची? काय विकते?' आणि मागच्या दाराचा कागद दहा सेकंद दाखवून नंबर म्हणायला लावा. दहांपैकी आठ जणांनी बरोबर सांगितले, तर चित्र पास. नाहीतर आणखी काहीतरी काढून टाका, पुन्हा विचारा. मोठ्या साहेबांना विचारू नका. त्यांना गाडी कुणाची हे आधीच माहीत असते!

मा. संचालक मंडळास माझी सविनय सूचना अशी, की चित्र मंजूर करण्यापूर्वी ही परीक्षा घ्यावी आणि तिचा निकाल गट ऑफिसच्या फळ्यावर लावावा. पेंटरला द्यायच्या कामाच्या कागदावर एवढे लिहिले म्हणजे पुरे : दोन्ही बाजूंना हिरव्या पट्ट्यावर १० इंची तोंडी नाव आणि खाली ६ इंची 'ग्राहक भांडार', नंबर उजव्या बाजूला एका ओळीत ६ इंची, डावीकडे दारावर आतून-बाहेरून दोन ओळींत, मागे ५ इंची एकच नंबर, पाच-पाच करून, पुढे ५ इंची नाव, काच कोरी, खालचा एक फूट कोरा. बाकी जागा मोकळी राहील, आणि ती मोकळी राहू द्यावी. कोऱ्या जागेमुळेच लिहिलेले दिसते.

ज्या सभासदांना हे पटत नसेल, त्यांनीही गट ऑफिसात जाऊन चित्र बघावे, पाच फुटांवर उभे राहावे आणि आपले मत लेखी द्यावे. गाडी एकदा रंगली, की चार-पाच वर्षे तशीच फिरणार आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद